देव कधीपासून कधीपर्यंत?

दरवर्षी गणपतीच्या आसपास हा वाद कोणीतरी उकरून काढतंच. एक म्हणतो, तुम्ही मातीलाच देव मानता. लगेच दुसरा सरसावतो, छे, मूर्ती म्हणजे नुसतं प्रतीक, मन एकाग्र करायचं साधन. मला दोघांचंही पटत नाही, कारण आमच्या घरात जे चालतं ते या दोन्हींत बसत नाही.

चतुर्थीला मूर्ती घरी येते ती रुमालाने तोंड झाकून. पाटावर बसवल्यावर गुरुजी प्राणप्रतिष्ठा करतात. मूर्तीच्या हृदयाला हात लावून मंत्र म्हणतात आणि तुपात बुडवलेली दूर्वा डोळ्यांना लावतात. त्यानंतर घराची वागणूकच बदलते. पूजा आणि नैवेद्य वेळेवर झाले पाहिजेत, घर बंद करून जायचं नाही. मग निघायच्या दिवशी उत्तरपूजा. 'यान्तु देवगणाः सर्वे' म्हणत अक्षता वाहायच्या आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवायची. तेवढ्याने देव निघाला. आता पाण्यात सोडायची ती माती.

एका वर्षी आणतानाच मूर्तीचं बोट तुटलं. मी घाबरलो. काकू शांतपणे म्हणाली, "अजून बसवलाय कुठे? जा, दुसरी घेऊन ये." तेच उत्तरपूजेनंतर झालं असतं तर सरळ विसर्जन करायचं, दोष नाही. अडचण फक्त मधल्या दिवसांत. तेव्हा मूर्ती भंगली, तर लगेच विसर्जन करून दुसरी आणून पुन्हा पूजा. माती तीच, बोट तेच, पण नियम तीन. मातीलाच देव मानत असतो तर विसर्जन जमलं नसतं. आणि नुसतं प्रतीक असतं तर उत्तरपूजा कशाला हवी होती?

'प्रतीक' हा शब्द मला तर जरा लाजून दिलेला वाटतो. परक्याने नावं ठेवू नयेत म्हणून. पंढरपुरात बघा. आषाढीच्या गर्दीत दर्शन रात्रंदिवस चालतं, म्हणून विठोबाचा पलंग काढतात. देव झोपणार नाही, म्हणून पाठीशी लोड लावतात. यात्रा संपली की प्रक्षाळपूजा, गरम पाण्याने स्नान, आणि रात्री शिणवटा जावा म्हणून काढा. प्रतीकाची पाठ दुखते का हो?

म्हणून मला वाटतं, मूर्ती ही देवाची राहायची जागा आहे. घरच्या गणपतीत तो मुक्कामाला येतो, बोलावल्यावर येतो आणि निरोप दिल्यावर जातो. विठोबा तिथेच राहतो.

फक्त एक गोष्ट माझ्या या हिशेबात बसत नाही. विसर्जन करून परतताना काकू रिकाम्या पाटावर नदीतली मूठभर वाळू आणायला लावते. ती वाळू मखरात ठेवून आम्ही पुन्हा आरती करतो. देव तर दुपारीच निघालेला असतो. मग ती आरती कोणाची? काकूला विचारलं तर म्हणाली, "आधी टाळ घे हातात."