मावशीने 'तुम्ही' म्हटलं की सावध व्हा

"नाशिकला येऊन गेलात म्हणे. स्टेटसवर दिसलं. मोठी माणसं तुम्ही, आमच्याकडे कशाला याल! असो. सुखी राहा."

मावशीचा हा मेसेज माझ्या मावसभावाला आला. पठ्ठ्याने 'थँक यू मावशी' लिहून खाली हात जोडले. वर मलाच विचारतो, "आशीर्वाद दिलाय ना तिने? मग आई का चिडलीय माझ्यावर?"

अरे बाबा, जी बाई तुला जन्मापासून 'ए बाळ्या, गिळलंस का' विचारत आली, ती आज 'याल' म्हणतेय. सगळा टोला तिथे आहे. 'मोठी माणसं' वगैरे सगळ्याच मावश्या लिहितात, ते फार मनावर घ्यायचं नसतं. घरातलं माणूस अरे-तुरेवरून अहो-जाहोवर आलं की समजावं, पाणी तापलंय. आणि ते 'असो'? बोलायचं बरंच आहे, पण आता तूच विचार, असा त्याचा अर्थ. 'सुखी राहा' हा त्यानंतर लावलेला दरवाजा, पण कडी न घातलेला.

अशा वेळी खुलासे देत बसू नये. मीटिंग होती, गाडी लवकर होती, हे लिहिलंत की संपलंच. "चुकलं गं. पुढच्या शनिवारी येतोय, भरली वांगी कर." एवढंच लिहायचं. त्यात 'करशील का' नको, सरळ 'कर' हवं, कारण तिला हक्कच हवा असतो. उत्तरात 'ये मेल्या' आलं की मिटलं.

मला खरी भीती वाटते ती "काही हरकत नाही, सवडीने यावे" अशा मेसेजची. त्यात टोमणा नाही, आणि म्हणूनच तो गार असतो. टोमणा मारायलाही जवळीक लागते.

म्हणींचंही तसंच. पूर्ण म्हण आली तर ती बहुधा सगळ्यांसाठी असते; "नाचता येईना..." असं लिहून पुढे तीन टिंबं दिली की ती तुमच्यासाठी. पुरणपोळी फुटली, तवा नवा होता, असं नव्या सुनेने ग्रुपवर लिहिलं आणि खाली नणंदेची ती टिंबं आली, तर हसायचं की नाही हे दोघींचं एरवी कसं जमतं त्यावर ठरतं. 'घरोघरी मातीच्या चुली' तर त्याहून फसवी. मैत्रिणीने लिहिली तर 'आमच्याकडेही हेच गं' असा धीर. सुनेच्या तक्रारीखाली सासरच्या कुणी लिहिली तर सरळ 'गप्प बस'.

आमंत्रणाचं मात्र सोपं आहे. 'या एकदा जेवायला' म्हणजे नमस्काराचाच एक प्रकार, लगेच डबा रिकामा करून निघू नका. 'रविवारी जेवायलाच या' यात वार आहे आणि 'च' आहे. तिथे गेला नाहीत, तर पुढचा मेसेज अहो-जाहोत येणार.