डॉलर लावायला हात दुखतात का?

डोकं फिरलंय नुसतं. अख्खी दुपार एका एक्सेल शीटमध्ये घातली, डोळे फुटायची वेळ आली, आणि शेवटी निघालं काय, तर रेंजला डॉलरच लावलेला नाही!

सकाळी फोन आला, "अहो, सातव्या ओळीत रेट शून्य कसा? माल फुकट देताय का?" उघडून बघतो तर खरंच शून्य. आणि तोच आयटम अडतिसाव्या ओळीत परत आलाय, तिथे रेट व्यवस्थित. एकच आयटम, एकच शीट, एकच फॉर्म्युला, एका ओळीत शून्य आणि दुसऱ्या ओळीत ३८५. आता माणसाला काय वाटणार? मला वाटलं नावात स्पेस असेल. कॉपी-पेस्ट करून आणलेल्या नावांच्या मागे स्पेस लपलेली असते हे आपण सगळ्यांनी भोगलंय. म्हणून TRIM लावलं, शून्य. नाव हाताने टाइप केलं, शून्य. अडतिसाव्या ओळीतलं नाव उचलून सातव्यात चिकटवलं, तरी शून्य. `=B7=B38` लिहून बघितलं तर TRUE! म्हणजे नावं तंतोतंत सारखी आणि उत्तरं वेगळी. फाइल खराब झाली म्हणून बंद करून परत उघडली, एकदा नाही, तीनदा.

मग वैतागून Ctrl आणि ` दाबून सगळे फॉर्म्युले उघडे केले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. हे चाळिसाव्या ओळीत:

```
=IFERROR(VLOOKUP(B40,Rates!A301:C420,3,FALSE),0)
```

आणि हे सातव्या:

```
=IFERROR(VLOOKUP(B7,Rates!A268:C387,3,FALSE),0)
```

जिना आहे जिना! प्रत्येक ओळीला एक पायरी वर. झालं काय, तर ज्याने शीट केलं त्याने फॉर्म्युला शेवटच्या ओळीत लिहिला, कारण ती ऑर्डर नवीन होती आणि त्याला तिच्यावर तपासायचं होतं. चाळिसाव्या ओळीत उत्तर बरोबर आलं, साहेब खूश, तोच फॉर्म्युला वर दुसऱ्या ओळीपर्यंत ओढला, झालं काम. B40 चं B7 व्हायलाच हवं, ते झालं. पण डॉलर नसल्यामुळे त्याच्याबरोबर रेटची रेंजसुद्धा ३३ ओळी वर सरकली आणि खालच्या ३३ ओळी बाहेर पडल्या. माझा आयटम रेटच्या शीटवर ४१५ व्या ओळीत. सातव्या ओळीचा फॉर्म्युला ३८७ ला थांबतो, त्याला तो दिसणारच नाही. अडतिसाव्याची रेंज ४१८ पर्यंत जाते, म्हणून तिथे सापडला. आणि यादीच्या तळाला असतं काय? नवीन आयटम! ज्यांची ऑर्डर सगळ्यात जास्त येते तेच नेमके गायब.

बरं, शून्य आलेलं निदान दिसतं तरी. खरा राग पुढचा आहे. त्या रेटच्या शीटवर ३०० व्या ओळीपर्यंत जुने रेट आहेत आणि त्यांच्याच बुडाला ३०१ पासून नवीन १२० आयटम चिकटवलेत. जुने रेट वेगळ्या शीटवर टाकायला काय होतं देव जाणे. आता रेंज वर सरकली की खालचे नवीन रेट सुटतात आणि वरून जुने रेट आत येतात. व्हीलूकअप वरून खाली बघत जातो आणि पहिला सापडला की थांबतो. एक आयटम जुन्या यादीत २९० ला आहे आणि नव्यात ३३३ ला. बाराव्या ओळीची रेंज २७३ पासून सुरू, त्यामुळे तिथे जुना रेट, ३१०. पस्तिसाव्या ओळीची २९६ पासून, तिथे नवा, ३४०. ना शून्य, ना एरर, ना लाल रंग, काहीच नाही. चुकीचा आकडा अगदी सभ्य चेहऱ्याने बसलेला. शून्यावरून फोन आला म्हणून मी शीट उघडलं, ३१० वरून कोण फोन करणार होतं मला?

आणि ते IFERROR! हे कोणी शिकवलंय सगळ्यांना, प्रत्येक फॉर्म्युल्याला पांघरूण घालायला? ते नसतं तर सातव्या ओळीत #N/A बोंबलत उभं राहिलं असतं, खालची बेरीजसुद्धा #N/A झाली असती आणि पाठवायच्या आधीच कळलं असतं. पण नाही, शीट "छान" दिसायला हवं. मग घाला शून्य, बेरीज कमी आली तरी चालेल.

एक्सेलवरही माझा राग आहे. एवढे हिरवे त्रिकोण दाखवतं, मग इथे एकही का नाही? तर म्हणे सगळे फॉर्म्युले एकसारखेच सरकलेत, म्हणजे त्याच्या हिशेबाने सगळे सुसंगत. मी सातव्या ओळीतला दुरुस्त केला तर हिरवा त्रिकोण कुठे आला? सातव्यावर! एकोणचाळीस ओळींत एकच बरोबर आणि तोच गुन्हेगार! हे बघून पुढचा कोणीतरी "शेजारच्यासारखा करा" वर क्लिक करणार, हे मी लिहून देतो.

ज्याने केलं त्याला विचारलं तर म्हणतो, "मी F4 दाबतो की नेहमी." दाबतो, पण किती वेळा? मागच्या महिन्यातलं शीट काढून दाखवलं, त्यात `$A301:$C420`. तीन वेळा दाबलंय! डॉलर कॉलमला लागलाय, ओळ मोकळीच. खाली-वर ओढताना ओळ सरकते, कॉलम नाही, त्या डॉलरचा उपयोग शून्य. पण डॉलर दिसतोय ना, मग बरोबरच असणार! एकदाच दाबा, `$A$301:$C$420` झालं की हात काढा त्या बटणावरून.

आणखी एक जण पूर्ण कॉलम घ्या म्हणाला, A:C. इथे वर जुने रेट बसलेत, पूर्ण कॉलम घेतला तर दोन्हीकडे असलेल्या प्रत्येक आयटमला जुनाच रेट येईल. बघायचं तरी आधी समोर काय आहे ते!

आणि नुसते डॉलर लावूनही सुटका नाही, कारण महिनाअखेरीला तळाला तीन आयटम वाढतात, ४२१ ते ४२३, आणि डॉलर लावलेली रेंज ४२० लाच खिळलेली. परत शेवटच्या ओळी बाहेर. म्हणून आज जुने रेट उचलून वेगळ्या शीटवर फेकले, नव्या रेटचं Ctrl+T करून टेबल केलं, त्याला RateList नाव दिलं आणि फॉर्म्युला असा केला:

```
=VLOOKUP(B2,RateList,3,FALSE)
```

वर ओढा, खाली ओढा, सरकत नाही. टेबलाला लागून खाली नवीन ओळ टाइप केली की ती आपोआप आत येते. IFERROR काढून टाकलंय आणि ते परत कोणी घातलेलं मला चालणार नाही, सांगून ठेवतो. #N/A आलं तर येऊ दे, तेच बघायचंय मला.

आता मागच्या महिन्यांची शीटं उघडून बसलोय. दुसऱ्या ओळीतला आणि शेवटच्या ओळीतला फॉर्म्युला शेजारी ठेवून रेंजचे आकडे जुळवायचे, एवढंच काम. तीन शीटं झाली, तिन्हींत तोच जिना. पाठवलेल्या बिलांत कुठे कुठे ३१० बसलंय ते आता एकेक ओळ काढून मला शोधायचंय, आणि ते फोनही मलाच करायचेत.