प्यादी नुसती ढकलून पास्ड पॉन निघत नाही

“एंडगेममध्ये वजिराच्या बाजूला तुमची प्यादी जास्त असतील तर डाव जिंकलाच समजा. प्यादी पुढे ढकलत राहायची, पास्ड पॉन आपोआप निघतो आणि तो निघाला की खेळ खलास. मेजॉरिटी तीनास दोन असो की चारास तीन, फरक पडत नाही. राजाच्या बाजूची मेजॉरिटी मात्र काही कामाची नाही.”

बुद्धिबळात हा सल्ला सर्रास ऐकू येतो. मेजॉरिटी म्हणजे पटाच्या एका बाजूला समोरच्याहून जास्त प्यादी; पास्ड पॉन म्हणजे ज्याच्या वाटेत, समोर किंवा शेजारच्या पट्टीत, शत्रूचं प्यादं उरलेलं नाही असं प्यादं. आधी “आपोआप” बघू. पांढऱ्याची प्यादी a2, b2, g2, h2 आणि राजा g1. काळ्याची a7, f7, g7, h7 आणि राजा g8. दोघांची चार-चार प्यादी, वजिराच्या बाजूला पांढऱ्याची दोन विरुद्ध एक. खेळी पांढऱ्याची.

पुष्कळ जण इथे a4 खेळतात. काळा लगेच a5 खेळतो आणि त्याचं एक प्यादं पांढऱ्याची दोन अडवून बसतं. आता घाईनं b4 खेळलं तर काळा ते मारतो आणि शर्यत लागते. पांढऱ्याच्या a-प्याद्याला वजीर व्हायला चार खेळ्या लागतात, काळ्याच्या b-प्याद्याला तीन. पांढरं प्यादं a7 वर पोचतं तेव्हा काळा b1 वर वजीर करतो, तोही शह देऊन. राजाला f2 हे एकच घर उरतं, काळा वजीर b6 वरून पुन्हा शह देतो आणि a7 चं प्यादं उचलतो. मेजॉरिटी पांढऱ्याची होती आणि वजीर झाला काळ्याचा.

म्हणून ज्या प्याद्यासमोर शत्रूचं प्यादं नाही ते आधी पुढे जातं. इथे ते b-प्यादं. बुद्धिबळावर लिहिणारा नामवंत खेळाडू निम्झोविच त्याला उमेदवार म्हणायचा, आणि उमेदवारानं पुढे चालायचं, सोबत्यानं मागून आधार द्यायचा हा नियम आजही तसाच शिकवला जातो. पहिली खेळी b4 झाली की a5 ची भीती उरत नाही, कारण काळ्यानं ती केली तर पांढरा ते मारतो किंवा b5 करून तिथल्या तिथे पास्ड पॉन मिळवतो.

पण क्रम बरोबर असला तरी नुसतं ढकलून भागत नाही. त्याच स्थितीत b4, a4, b5, a5 अशा चार खेळ्या करा. तेवढ्यात काळा राजा f8, e7, d6 करत c5 वर येऊन ठेपतो. आता b6, काळा मारतो, पांढरा a-प्याद्यानं परत मारतो. पास्ड पॉन निघाला खरा, पण पुढच्याच खेळीत काळा राजा तो खातो. मारण्याऐवजी a6 खेळून पळायचा प्रयत्न केला तर राजा c6 वर येतो, मग a7 ला b7, आणि प्यादं सापडतं. पांढरा राजा अजून g1 वरच आहे आणि दोन प्याद्यांना तीन प्यादी तोंड द्यायला उभी आहेत. त्याच्या चार खेळ्या प्याद्यांवर गेल्या, काळ्याच्या राजावर. सगळा फरक तेवढ्याचाच.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: पास्ड पॉन “निघाला की” डाव संपत नाही, कारण समोरच्याकडेही मेजॉरिटी असते आणि त्याचाही पास्ड पॉन निघतो. मग जिंकायचं कोणी?

ही स्थिती पटावर मांडूनच बघा. पांढरा राजा e4, प्यादी a4, g3, h4. काळा राजा e6, प्यादी e5, g6, h5. तीनास तीन. दोघांनी आपापली मेजॉरिटी वापरली आहे आणि दोघांकडे एकेक पास्ड पॉन आहे. पांढरा a5 खेळतो. काळ्या राजाला मागे धावावंच लागतं: राजा d6, मग a6, राजा c6. आता पांढरा राजा e5 चं प्यादं मारतो. काळा राजा b6 वर, पांढरा f6 वर. काळा a6 चं प्यादं खातो, पांढरा g6 चं. काळा परत यायला निघतो, पण पांढरा h5 चंही खातो आणि g आणि h अशी दोन प्यादी घेऊन निवांत जिंकतो.

म्हणजे पांढऱ्याचा पास्ड पॉन वजीर झालाच नाही, मारला गेला. त्यानं फक्त काळ्या राजाला लांब नेलं. काळ्याचं e-प्यादं दोन्ही राजांच्या मधोमध होतं, त्यामुळे त्यानं कुणालाच कुठे नेलं नाही. वजिराच्या बाजूचं कौतुक होतं ते एवढ्याचसाठी: बहुतेक डावांत दोन्ही राजे लहान कॅसलिंग करून दुसऱ्या टोकाला बसलेले असतात. ते मोठ्या कॅसलिंगच्या बाजूला असतील तर हाच हिशेब उलटा होतो, आणि दोघेही पटाच्या मध्यावर येऊन ठाकले असतील तर फायदा बराच उतरतो.

या मताच्या बाजूनं हमखास दाखवला जाणारा डाव म्हणजे १९०९ च्या मार्शल-कापाब्लांका सामन्यातला २३वा. कापाब्लांका काळ्यानं खेळत होता, वजिराच्या बाजूला तीन विरुद्ध दोन. त्याची b आणि c प्यादी जोडीनं पुढे गेली, शेवटी c3 आणि b2 अशा धक्क्यांनी मार्शलचा उंट पडला. सुंदर डाव आहे, वाद नाही. पण वजीर गेल्यावर कापाब्लांकाची पहिली खेळी प्याद्याची नव्हती, हत्ती d1 वर शह अशी होती. तो हत्ती पहिल्या ओळीत घुसला म्हणून पुढचे धक्के चालले. आणि मार्शलकडे दुसऱ्या बाजूला चार विरुद्ध तीन होती, तरी ती प्यादी त्यानं जवळजवळ हलवलीच नाहीत. ती वेळेवर निघाली असती तर कापाब्लांकाला इतकी सवड मिळाली नसती.

राहिली “राजाच्या बाजूची मेजॉरिटी बेकार” ही गोष्ट. रुई लोपेझ या सुरुवातीच्या एक्सचेंज प्रकारात पांढरा चौथ्याच खेळीत उंट देऊन c6 चा घोडा घेतो. काळ्याची प्यादी मग a6, b7, c7, c6. पुढे मध्यातली प्यादी गेली की काळ्याकडे वजिराच्या बाजूला चार विरुद्ध तीन, पांढऱ्याकडे राजाच्या बाजूला चार विरुद्ध तीन. सगळी मोहरी उचलून फक्त प्यादी ठेवली तर सहसा पांढरा जिंकतो! काळ्याची दोन प्यादी c-पट्टीत एकामागे एक असल्यानं त्याची चार तीनाएवढंच काम करतात. पांढऱ्यानं b3 आणि c4 वर प्यादी ठेवली, काळ्याची c5, c6 वर आली आणि त्यानं b5 केलं, तर ते मारायचं नाही, एवढंच पथ्य. मारलं की c6 चं प्यादं b5 वर येतं आणि काळ्याची जोडप्यादी सुटी होतात.

अर्थात मोहरी पटावर असताना हा हिशेबही गहाण ठेवता येतो. १९१४ मध्ये सेंट पीटर्सबर्गला लास्करनं कापाब्लांकाविरुद्ध हाच प्रकार खेळला आणि १२व्या खेळीला f5 करून आपली मेजॉरिटी स्वतःच पांगळी केली, e4 चं प्यादं मागे राहिलं. १४व्या खेळीला उंटाची मारामारी करून त्यानं काळ्याची जोडप्यादीही सुटी करून दिली. बदल्यात १६व्या खेळीला त्याचा घोडा e6 वर जाऊन बसला, आणि डाव त्या घोड्यानं जिंकला.