आरोग्य कर, घंटागाडी आणि महिन्याचे तीस रुपये : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया :

«सर, वर्तमानपत्रातला तुमचा लेख वाचला. पगारी माणसाला महिन्याचे तीस रुपये काय वाटणार! आम्ही घरपट्टीसोबत आरोग्य कर भरतोच, मग कचऱ्याचे पैसे पुन्हा कशाला द्यायचे? सरकार कोट्यवधींचे अनुदान देते, ते जाते कुठे? शेतकऱ्याच्या घरात कचरा निघतोच किती, सारा उकिरड्यावर जातो. आणि तुम्ही लिहिता तशी गाडी रोज येत नाही. गाडगेबाबांनी गाव झाडायचे पैसे घेतले नव्हते. उगाच उपदेश करू नका.»

उत्तर :

महोदय,

घंटागाडीसाठी प्रत्येक घराने महिन्याला तीस रुपये द्यावेत, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि उत्तर लिहायला मुद्दाम चार दिवस घेतले, कारण पहिल्या दिवशी लिहिले असते तर भाषा बिघडली असती. लेखाशी असहमत होण्याचा आपला हक्क मला पूर्ण मान्य आहे. परंतु लेखातील एकाही आकड्याला हात न लावता थेट लेखकाच्या पगारावर येणे, ही वाद घालण्याची रीत मला पटत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली हे खरे आहे. त्याआधी मी चार एकर कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घरात वाढलो, कापूस वेचून शिकलो, आणि निवृत्तीनंतर पाच वर्षे ग्रामपंचायतीचा सदस्य म्हणून गावाचे जमाखर्च पाहिले, हेही तितकेच खरे आहे. तीस रुपयांची किंमत मला कळत नाही, असे माझ्या गावात कोणी म्हणणार नाही. आपण माझ्या गावचे नाही, म्हणून बहुधा आपल्याला ते लिहिणे सोपे गेले.

एक चूक मात्र कबूल करतो. गाडी ‘रोज’ दारात येते असे मी लिहिले होते. आमच्याकडे ती आठवड्यातून तीन दिवस येते. तो शब्द मी सैलपणे वापरला, आणि तो दाखवून दिल्याबद्दल आपले आभार.

आता आपल्या त्या वाक्याकडे वळतो, जे मला पाच वर्षांत ग्रामसभेत अगणित वेळा ऐकावे लागले : आरोग्य कर भरतोच, मग पुन्हा पैसे कशाला? हे वाक्य ऐकायला बिनतोड वाटते, आणि म्हणूनच त्याचा हिशेब एकदा नीट मांडायला हवा. आपण आपली कराची पावती काढून समोर ठेवावी. तिच्यावर घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि पाणीपट्टी यांच्या रकमा वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. माझ्या घराच्या पावतीवर आरोग्य कराच्या रकान्यात वर्षाचे ४० रुपये आहेत. ते महिन्याचे नव्हेत, संपूर्ण वर्षाचे आहेत. आपल्या पावतीवरचा आकडा थोडा कमीजास्त असेल, पण शेकड्यांच्या घरात असेल असे मला वाटत नाही.

सोयीसाठी ४२० घरांचे गाव धरू. प्रत्येक घराने हे ४० रुपये वेळेवर भरले, एकही थकबाकीदार राहिला नाही, असेही मानू. वर्षाचे १६,८०० रुपये होतात, म्हणजे महिन्याला १,४००. आता याच गावात बॅटरीवर चालणारी घंटागाडी आठवड्यातून तीन दिवस, म्हणजे महिन्यात साधारण १३ वेळा फिरते असे समजू. गाडीसोबत दोन माणसे लागतात, एक चालवणारा आणि एक डबे रिकामे करून ओला-सुका कचरा वेगळा ठेवणारा. त्यांना निदान रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर, म्हणजे ३१२ रुपये रोज द्यायचा म्हटले, तर एका फेरीची मजुरी ६२४ रुपये होते आणि महिन्याची ८,११२. आपण ज्या आरोग्य कराच्या भरवशावर बसला आहात, त्यातून महिन्यातल्या जेमतेम दोन फेऱ्यांची मजुरी निघते, आणि तीही नाल्या उपसण्यासाठी, विहिरीत टाकायच्या टीसीएल पावडरसाठी व पावसाळ्यातील फवारणीसाठी त्या कराला हातच लावला नाही तर. उरलेल्या ११ फेऱ्या कोणी करायच्या, हे आपण लिहिले नाही.

मजुरीवर खर्च थांबत नाही. चार्जिंगच्या विजेला महिन्याचे सातशेच्या आसपास रुपये लागतात. हातमोजे, गमबूट, खराटे आणि पंक्चर यांना पाचशे धरा. शिवाय बॅटरी आहे, जिचा हिशेब कोणीच धरत नाही, आणि गाव नेमके तिथेच फसते.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी सदस्य होण्यापूर्वी आमच्या पंचायतीने एक अशीच गाडी घेतली होती. नारळ फुटला, फोटो निघाले, दीड वर्ष गाडी छान चालली. पुढे चार्जिंग अर्ध्या गावातच उतरू लागले, मग दोन गल्ल्यांत, आणि एके दिवशी ती मारुतीच्या पाराजवळ उभी राहिली ती राहिलीच. चार बॅटऱ्यांच्या संचाला त्या वेळी साधारण ४० हजार रुपये लागणार होते आणि ते कोणत्याच खात्यात नव्हते, कारण गावाने शुल्क द्यायला नकार दिला होता, अगदी आपण देता तेच कारण देऊन. मी सदस्य झालो तेव्हा गाडी समाजमंदिरामागे होती. चाके जमिनीत रुतलेली, घंटा कोणी तरी काढून नेलेली, मागच्या हौद्यात पावसाचे पाणी साचून त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. कचरा उचलण्यासाठी घेतलेली गाडीच गावाची घाण झाली होती. त्या दिवशी मी हौद्यातले पाणी स्वतः बादलीने उपसले. ‘उपदेश’ हा शब्द आपण माझ्यासाठी वापरला, म्हणून हे सांगितले. एरवी सांगितले नसते.

तेव्हा बॅटरीचे ४० हजार रुपये दोन वर्षांवर विभागून दरमहा सुमारे १,६७० बाजूला ठेवावेच लागतात. सगळे मिळून महिन्याचा खर्च जवळपास ११ हजार रुपये येतो, घरामागे सव्वीस रुपये. तीस रुपयांचा आकडा असा निघतो, तो कोणा पगारी माणसाच्या मनातून निघालेला नाही. सव्वीस ऐवजी तीस का, हाही प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही याच हिशेबात आहे. सर्व ४२० घरांनी भरले तर १२,६०० रुपये जमतात, पण सर्व घरे कधीच भरत नाहीत. तीस रुपये दराने ११ हजारांची गाठ पडायला ३६७ घरांनी पैसे द्यावे लागतात. म्हणजे एखादी निराधार विधवा, कामासाठी बाहेरगावी गेलेली कुटुंबे, दवाखान्यात पैसा ओतून बसलेले घर, अशी ५३ घरे गाव सांभाळून घेऊ शकते. त्यांच्यासाठीच ती वरची जागा आहे. ज्यांच्या अंगणात ट्रॅक्टर उभा आहे त्यांनीही त्या ५३ मध्ये शिरायचे ठरवले, की ती जागा संपते.

आणि ती संपली हे लगेच दिसत नाही, हे मी विशेष आग्रहाने सांगतो. समजा भरणारी घरे २५० वर आली. जमा होते ७,५००. पहिल्या महिन्यात काहीच बिघडत नाही, कारण पंचायत बॅटरीचे पैसे बाजूला टाकणे थांबवते आणि ते कोणाच्या डोळ्यावर येत नाही. नंतर हातमोजे येत नाहीत. मग मजुरी पंधरा दिवस लांबते, दोनातला एक माणूस सोयाबीनच्या कापणीला निघून जातो, एकट्याने वर्गीकरण होत नाही म्हणून सारा कचरा एकत्र भरला जातो, आणि त्यानंतर गाव म्हणते की गाडीवाले कामच करत नाहीत, आम्ही पैसे का द्यावे? आपल्या गावात गाडी खरोखर अनियमित असेल, तर तिच्या चालकाला मागच्या महिन्याची मजुरी कधी मिळाली, एवढे आधी विचारून पाहावे.

अनुदानाविषयी थोडक्यात लिहितो. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागासाठीच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत रक्कम ठरवलेली होती. एकोणीसशे वस्तीच्या गावाला ते १ लाख १४ हजार रुपये होतात, तेही एकदाच, आणि त्यातला ३० टक्के वाटा पंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा. यातून खड्डे, शेड, गाडी अशी साधने उभी राहतात, गाडी दर महिन्याला फिरत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातील अबंधित निधीतून पगार देता येत नव्हता. बंधित निधी स्वच्छता आणि पाणी अशा ठरलेल्या कामांसाठी असतो, पण तो हप्त्याने येतो, आणि पंचायतीवर निवडून आलेले मंडळ नसेल तर थांबतो. मजुराचे पोट हप्त्यांवर चालत नाही. ‘कोट्यवधी’ हा शब्द आपण कोणत्या कागदावरून घेतला, तो कागद मला पाहायला आवडेल.

उकिरड्याचा मुद्दा मी फार लांबवत नाही. शेण, भाकरतुकडे आणि भाजीचे देठ उकिरड्यावरच जावेत, ते गाडीत टाका असे मी कुठेही लिहिलेले नाही. लेख पुन्हा वाचावा. परंतु आता उकिरड्यावर फक्त शेण जात नाही. चैत्रात आमच्या शेतात खत पसरले आणि पुढे वखर घातला तेव्हा दर दोन तासांनी बैल थांबवून पासेला गुंडाळलेल्या शाम्पूच्या पुड्या आणि दुधाच्या पिशव्या विळ्याने कापून काढाव्या लागत होत्या. भंगारवाला बाटल्या आणि पुठ्ठे नेतो, या पुड्या तो फुकटही नेत नाही. गाडी आहे ती यांच्यासाठी.

राहता राहिले गाडगेबाबा. त्यांनी खराटा स्वतःच्या हातात घेतला होता आणि गाव झाडल्याशिवाय गावाचे अन्न घेतले नव्हते. त्यांचे नाव घेऊन दुसऱ्याला फुकट राबवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हे मला समजलेले नाही. आपण आठवड्यातले तीन दिवस गाडीवर उभे राहणार असाल, तर मी तीस रुपयांचा आग्रह आजच मागे घेतो.

आपल्या पंचायतीत या शुल्काची पावती वेगळी दिली जाते का, जमाखर्च ग्रामसभेत वाचला जातो का आणि बॅटरीसाठी किती रक्कम शिल्लक आहे, हे तीन प्रश्न विचारण्याचा आपला हक्क आहे आणि त्यात मी आपल्या बाजूने उभा राहीन. उत्तरे समाधानकारक नसतील तर पावतीच्या प्रतीसह मला लिहावे. ते पत्र मी त्याच वर्तमानपत्राकडे, एक शब्दही न बदलता, पाठवीन.