काना मोडला, औकारानं तारला: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘“कीकॅप जागेवर ठेवा आणि टक् होईपर्यंत दाबा” असं तुम्ही लिहिलंत. मी दाबलं. टक् झालं ते खालच्या पांढऱ्या क्लिपचा कान मोडल्याचं! स्वतः न करता लिहू नये.’

लॅपटॉपचं निघालेलं बटण परत बसवण्यावरच्या माझ्या लेखाला ही प्रतिक्रिया आली. केलं होतं हो, पण तेव्हा माझी क्लिप कीबोर्डवर शाबूत होती, निघाली होती ती फक्त कीकॅप, म्हणजे बटणाची वरची टोपी. तुमची क्लिपही सुटून आलेली दिसते. हा फरक मी लिहायला हवा होता, चूक माझीच.

ती क्लिप म्हणजे एकमेकींत अडकवलेल्या दोन चौकटी. घडीच्या स्टुलाचे पाय आठवा. बटण दाबलं की फुली आडवी पडते, म्हणजे प्रत्येक चौकटीचं एक टोक जागच्या जागी फिरतं आणि दुसरं सरकतं. म्हणून कीकॅपच्या पोटाशी एका कडेला खटकन बसणाऱ्या खाचा असतात, समोरच्या कडेला सरकायला मोकळ्या. खालच्या पत्र्यावर क्लिप अडकवायला जे आकडे, म्हणजे हुक असतात, त्यांचंही तसंच. चौकटीचा कान जेमतेम मिलिमीटरभर. तो आकड्याखाली न जाता आकड्यावर राहिला आणि वरून दाब आला, की पत्रा त्याला कापतो. तुमचं बहुधा हेच झालं.

माझंही पुढे झालंच. मी इन्स्क्रिप्ट या मराठी मांडणीवर टाइप करतो, तिथे काना इंग्रजी ‘ई’च्या बटणावर, त्यामुळे तेच आधी गेलं. डावी कड उसळायची, उजवी खालीच बसायची: एक कान तुटलेला. मी ‘क्यू’ची क्लिप काढली, कारण तिथला औकार दिवसातून असा कितीदा लागतो? शिवाय अक्षरांची बटणं एकाच मापाची असतात. एफ-वन वगैरेंच्या ओळीतली क्लिप मात्र चालत नाही.

लॅपटॉप बंद केला, ‘क्यू’ उघडून आधी मोबाइलवर फोटो काढला. दोन्ही चौकटी हातातच जोडल्या. एक बाजू आकड्यांखाली सरकवली, दुसरी बाजू चिमट्यानं किंचित आत दाबून सोडली. आता कीकॅपची घाई नको. चिमट्याच्या टोकानं क्लिप उचलून सोडायची. ती आपोआप आडवी पडली तर बसली. अडखळली तर एखादा कान अजून बाहेर आहे. मग कीकॅपची सरकती कड आधी अडकवली आणि दुसरी बोटानं सपाट दाबली. दोन कोपरे, दोन टक्. माझा पहिल्यांदा एकच आला, म्हणून काढून पुन्हा बसवली. पाऊण तास गेला, त्यातली दहा मिनिटं फरशीवर क्लिप शोधण्यात.

तुम्ही नवी क्लिप मागवणार असाल तर नुसत्या लॅपटॉपच्या मॉडेलवर जाऊ नका. एकाच मॉडेलला वेगवेगळे कीबोर्ड लागलेले असतात आणि क्लिपा जुळत नाहीत. फोटोतला आकार आपल्या क्लिपशी ताडून पाहा. आणि त्याआधी पत्र्यावरचे आकडे बघा. त्यातला एक जरी तुटला असेल तर क्लिप धरणार कशाला? मग अख्खा कीबोर्डच बदलावा लागेल. गोंद लावू नका, तो सांध्यात उतरतो आणि फुली कायमची गोठते.

मूळ लेखातलं ते वाक्य आज बदलतो.