उवा नाहीत हो काकू!

काल परभणीहून जिंतूरला जाताना एसटीत मागच्या सीटवरच्या काकूंनी सरळ माझ्या डोक्यात हात घातला. मी पेनानं खाजवत होतो हे कबूल, पण बेचाळीस वर्षांच्या माणसाचं डोकं भर गाडीत?

"हालू नको रे बाळा," म्हणत त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी केस फाकवले, मान खिडकीच्या उजेडाकडं वळवली. "उवा तं दिसनात. लिखाबी नाहीत." आवाजात चक्क निराशा. "मग एवढं लाल कामून झालंय?" कंडक्टर मशीन हातात धरून निकालाची वाट बघत उभा.

"ऍलर्जी आहे काकू. शाम्पूच्या वासाची."

"वास नाकाला येतो, डोक्याला कामून होईल?"

आता हाच प्रश्न मी डॉक्टरीणबाईंना विचारला होता तेव्हा शहाणा वाटलो होतो. त्या म्हणाल्या, वासाचं नाही हो, वासासाठी घातलेल्या रसायनांचं, ती कातडीला लागतात. आणि रिॲक्शन लगेच येत नाही, एकदोन दिवसांनी येते. तिथंच तर माझं वर्ष गेलं! मी रविवारी डोकं धुवायचो, मंगळवारी खाज सुटायची, मग मंगळवारचं जे असेल त्याला शिव्या. हेल्मेट, बोअरचं पाणी, एकदा तर वांग्याची भाजी. कोंडा समजून कोंड्याचाच शाम्पू दुप्पट चोपडला, तोही घमघमीत. कपाळाची कड, कानामागं, मानेवर, फेस जिथून ओघळतो तिथं तिथं लाल, हे दिसूनही डोक्यात शिरलं नाही.

शेवटी पॅच टेस्ट. उन्हाळ्यात घामानं पट्ट्या सुटतात म्हणून पाऊस पडेपर्यंत थांबवलं. मग पाठीवर पट्ट्या, प्रत्येक चौकोनात वेगळं रसायन, 48 तास पाठीला पाणी नाही. काढल्या, बघितलं, दोन दिवसांनी परत बघितलं, तर सुगंधी मिश्रणाच्या चौकोनात लाल आणि बारीक फोड. बाकी पाठ स्वच्छ. सुगंधच नसलेला शाम्पू आणला, आणि तीन आठवड्यांत डोकं शांत. त्यातही गंमत बघा, 'वास नाही' लिहिलेल्यात कधी मूळ वास झाकायलाही सुगंध घालतात. बारीक अक्षरात नुसतं 'परफ्यूम'. कोणता, ते गिऱ्हाईकानं ओळखायचं. पैसे आपले, पाठ आपली, गुपित त्यांचं.

आणि रविवारी मेव्हण्याच्या लग्नघरी माझी बाटली विसरली, दोन रुपयाची पुडी फोडली. एका धुण्यानं काय होतंय! काल मंगळवार होता.

"सीताफळाच्या बियांची पूड लाव," काकू म्हणाल्या.

"ती उवांसाठी असते! डोळ्यात गेली तर डोळा जातो काकू!"

"मग डोळे झाक की."

कंडक्टरनं मान डोलावली. जिंतूर येईस्तोवर शेजारची सीट रिकामीच राहिली, लोक उभे होते तरी.