गव्हाळ चेहरा, सत्तरचा झेब्रा आणि उन्हातलं धोतर

«लाइट मीटरचे दिवस संपले. झेब्रा ७० वर लावा, चेहऱ्यावर पट्टे आले की एक्स्पोजर परफेक्ट. फॉल्स कलर असेल तर चेहरा गुलाबी करा, बाकी काही बघायची गरज नाही.»

हा सल्ला नाशिकमध्ये कॅमेरा हातात घेणाऱ्या जवळपास प्रत्येक नव्या मुलापर्यंत पोचलाय. त्यातली मुलं मेहनती आहेत, म्हणूनच नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

झेब्रा म्हणजे ठरवलेल्या टक्क्याइतक्या उजळ भागावर स्क्रीनवर येणारे पट्टे. आधी त्यातलं सत्तरचं बघू. हा आकडा हवेतून आलेला नाही. रेक ७०९ मध्ये, म्हणजे थेट टीव्हीवर दाखवता येईल अशा नेहमीच्या चित्रात, गोऱ्या युरोपियन चेहऱ्याचा उजेडातला भाग साधारण ६५ ते ७० टक्क्यांवर बसतो. पण आज आपल्याकडे बहुतेक शूट लॉगमध्ये, म्हणजे नंतर ग्रेड करण्यासाठी कॉन्ट्रास्ट दाबून नोंदलेल्या फिक्या चित्रात होतं आणि लॉगमध्ये सगळे आकडे बदलतात. सोनीच्या एस-लॉग३ चं उदाहरण घ्या. त्यात १८ टक्के ग्रे कार्ड ४१ वर बसतं आणि पांढरा कागद ६१ वर. कागदच ६१ वर असेल तर त्याच उजेडातला चेहरा ७० वर कसा चालेल? एक स्टॉप वर म्हणजे उजेड दुप्पट, आणि ग्रेच्या वर या लॉगमध्ये एक स्टॉप सुमारे ९ टक्क्यांचा. म्हणजे ७० चा पट्टा ग्रेपेक्षा तीन स्टॉपहून वर लागतो.

याचा परिणाम गोदाघाटावर स्पष्ट दिसतो. सकाळची वेळ, रामकुंडाजवळच्या पायऱ्यांवर सावलीत आपला नट बसलाय, रंग गव्हाळ. मागे काठावर उन्हात पांढरं धोतर नेसलेले गुरुजी उभे आहेत. कॅमेरा आयएसओ ८००, २५ फ्रेम, शटर १/५०. मीटरचा पांढरा डोम नटाच्या गालाजवळ धरून लेन्सकडे वळवला की समजा एफ/२२ येतं. उजेड सहा स्टॉप कापणारा एनडी १.८ फिल्टर लावला की लेन्स २.८ वर. गव्हाळ त्वचा ग्रे कार्डाच्या आसपासच उजेड परत फेकते, फार तर अर्धा स्टॉप इकडेतिकडे. त्यामुळे चेहरा चाळिशीच्या घरात बसतो, आणि तिथेच तो बसायला हवा. ७० चा झेब्रा चेहऱ्यावर कुठेही दिसणार नाही.

आता उन्हातलं धोतर. सकाळचं ऊन त्या सावलीपेक्षा तीन स्टॉप जास्त धरू. कागद सावलीत ६१ वर, तर उन्हातलं धोतर ८८ च्या आसपास. एस-लॉग३ मध्ये सेन्सर बेस आयएसओवर साधारण ९४ ला संपतो. म्हणजे सगळं बरोबर लावूनही पांढऱ्याला वर जेमतेम दोन-तृतीयांश स्टॉपची जागा उरते.

पट्ट्यांवर विसंबणारा इथे काय करतो? चेहऱ्यावर झेब्रा येईना म्हणून एनडी १.८ काढून ०.९ लावतो. तीन स्टॉप उजेड वाढतो, गालावर पट्टे येतात, त्याचं समाधान होतं. धोतर मात्र जळून गेलेलं असतं. गंमत नाही, हीच फसगत आहे: चेहरा अजून क्लिप झालेला नसतो, ग्रेडमध्ये तो तीन स्टॉप खाली ओढला की छान दिसतो, म्हणून चूक झाली हे कुणाला कळतच नाही. धोतराच्या निऱ्या मात्र परत येत नाहीत. खाली ओढल्यावर तिथे सपाट राखाडी ठिगळ उरतं.

आणखी एक गोष्ट तपासून घ्या. तुमचा झेब्रा मूळ लॉग सिग्नल वाचतो की फिक्या लॉगचं स्क्रीनवर नेहमीसारखं चित्र करून दाखवणाऱ्या लटचा, हे प्रत्येक कॅमेऱ्यात सारखं नसतं. ग्रे कार्ड समोर धरा, झेब्रा ४१ च्या अवतीभवती लावा, मग लट चालू-बंद करून बघा. पट्टे जागेवर राहिले तर तो लॉग वाचतोय. हलले किंवा गेले तर लटचे आकडे वेगळे धरावे लागतील.

गुलाबीचंही तसंच आहे. फॉल्स कलर प्रत्येक उजळपणाला मॉनिटरवर एक ठरावीक रंग देतो. चेहरा गुलाबी करायची प्रथा आरी या कॅमेरा कंपनीच्या फॉल्स कलरवरून आली. त्यात हिरवा म्हणजे ३८ ते ४२ टक्के, मधला ग्रे. गुलाबी म्हणजे ५२ ते ५६ टक्के, ग्रेच्या एक स्टॉप वर, आणि ती पट्टी गोऱ्या कातडीसाठी ठरवलेली आहे. पिवळा क्लिपच्या जरा खाली, लाल म्हणजे वर काही उरलं नाही. दुसऱ्या कंपनीच्या मॉनिटरवर रंगांचे आकडे वेगळे असू शकतात. शिवाय एस-लॉग३ चा सिग्नल तसाच मॉनिटरला दिला तर ग्रेच्या एक स्टॉप वर ४९ येतं. तिथे ५२ ते ५६ चा गुलाबी म्हणजे जवळजवळ दीड स्टॉप.

पण मला जास्त खटकतं ते वेगळंच. जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्यात झोपाळ्यावर सावळी आजी आणि उजळ सून शेजारी शेजारी बसल्यात असं समजा. दोघींवर एकच उजेड, डोम दोघींपाशी तोच आकडा दाखवतो. फॉल्स कलरमध्ये सून गुलाबीकडे झुकेल आणि आजी हिरव्यात किंवा त्याच्याही खाली दिसेल. हे बरोबरच आहे. आजीला गुलाबी करण्यासाठी एक्स्पोजर वाढवलं तर आजीचा रंग पुसला जातो आणि सुनेचं कपाळ चमकायला लागतं. सावळ्या माणसाला सावळं दिसू देणं हे आपलं काम आहे.

राहिला मीटर. झेब्रा आणि फॉल्स कलर फ्रेममधली वस्तू किती उजळ नोंदली गेली ते सांगतात. वस्तू काळी म्हणून कमी की उजेड कमी म्हणून कमी, हे त्यांना कळत नाही. डोम वस्तूवर पडणारा उजेड मोजतो, त्यामुळे घाटाचा काळा दगड किंवा पांढरं धोतर त्याला फसवू शकत नाही. दोन तासांनी ऊन सरकल्यावर उलट बाजूचा शॉट घ्यायचा असेल, तर किती स्टॉप फरक पडला हे मीटरच सांगतो.

मीटरच्याही मर्यादा आहेत. लेन्स किती उजेड खाते, एनडी खरंच सहा स्टॉपचा आहे का, कॅमेऱ्याचा ८०० मीटरच्या ८०० शी जुळतो का, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून शूटच्या आधी एकदा ग्रे कार्ड सपाट उजेडात ठेवायचं, मीटर सांगेल तसं लावायचं आणि कार्ड ४१ वर येतं का बघायचं. ३६ वर आलं तर सुमारे अर्ध्या स्टॉपचा फरक आहे. तो मीटरमध्ये भरून टाकायचा. सेन्सर कुठे संपतो हेही मीटर सांगत नाही, त्यासाठी झेब्रा ९४ वर लावून ठेवा. पाण्यावरच्या चमकीवर पट्टे आले तर येऊ द्या, धोतरावर आले तर थांबा.

लॉग मुद्दाम एक स्टॉप जास्त द्यावा, म्हणजे सावलीतला नॉइज कमी होतो, असंही सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे. तसं करायचं तर मीटर ४०० वर ठेवा, कॅमेरा ८०० वरच. ग्रे ४९ च्या आसपास येईल आणि ग्रेडमध्ये सगळे शॉट सारखेच खाली येतील. वाड्यातल्या अंधाऱ्या माजघरात हे जरूर करा. गोदाघाटाच्या त्या फ्रेममध्ये करू नका. तिथे धोतर ८८ वरून ९७ वर जाऊ पाहील, आणि सेन्सर ९४ लाच संपलेला असेल.